एसआयपी सुरू करायला गेलो आणि मामांनी आधी एफडी करायला लावली, माझा अनुभव

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत कामाला आहे, पगार हातात २९ हजार येतो, नोकरी कॉन्ट्रॅक्टवर. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ठरवलं की आता म्युच्युअल फंडात महिन्याला १० हजारांचा हप्ता, म्हणजे एसआयपी लावायची, सगळे मित्र करायला लागलेत मग आपणच का मागं राहायचं. खात्यात ४१ हजार होते ते पण एकदम ईएलएसएस नावाच्या टॅक्स सेव्हिंगवाल्या फंडात टाकणार होतो, टॅक्स वाचतो असं कुणीतरी सांगितलेलं. (माझ्या पगाराला टॅक्सच बसत नाही हे नंतर कळलं.)

मामांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. रविवारी त्यांच्याकडं गेलो आणि ॲप दाखवलं. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "शनिवारी रात्री ११ वाजता दवाखान्यात २० हजार भर म्हटले तर कुठनं आणशील?"

म्हटलं फंड विकीन की.

"शनिवारी रात्री विकायला टाकलास तर भाव सोमवारचा लागणार, आणि पैसे खात्यात यायला त्यापुढं अजून दोन-तीन दिवस. आणि ईएलएसएस तर तीन वर्षं हलत नाही, प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी धरायची. पैसे आहेत आणि हातात नाहीत, ह्याला काय अर्थ आहे लेका?"

मग ते २०२० चं बोलले. निफ्टी जानेवारीत १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६०० वर आला. त्याच वेळी उद्यमनगर बंद, कामगारांना घरी बसवलेलं. ज्याच्याकडं दुसरे पैसे नव्हते त्याला नेमके तेव्हाच फंड विकावे लागले. बाजार आणि नोकरी एकदमच पडतात हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी जॉब कार्डच्या मागं माझा खर्च लिहायला घेतला. हौस मौज सोडून, पगार थांबला तरी जे थांबत नाही तेवढंच. घरी देतो ९,०००, गाडीचा हप्ता ३,६००, पेट्रोल मोबाईल २,९००, आईच्या गोळ्या १,५००, विम्याचा वर्षाचा हप्ता महिन्यावर पाडून १,५००. झाले १८,५००. नोकरी पक्की असती तर चार महिन्यांचे चालले असते, पण कॉन्ट्रॅक्ट म्हणून सहा महिने धरायला लावले, म्हणजे १,११,०००. ४१ हजार होतेच, राहिलेले ७० हजार महिन्याला १० ने सात महिन्यांत.

मला वाटलं आता सगळे बचत खात्यात पडून राहणार. तसं नाही. ५ हजार रोख घरात, कारण २०१९ च्या पुरात मामांच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी आलं तेव्हा लाईट नव्हती, आसपासची एटीएम बंद, खात्यात पैसे असून दुधाला नव्हते. २६ हजार बचत खात्यात. आणि ८० हजारांची एक एफडी नाही तर २०-२० हजारांच्या चार. हे मला फार आवडलं, कारण २० हजार लागले तर एकच मोडायची, बाकीच्या तिघींचं व्याज चालू राहतं. एफडी करताना फक्त एवढं बघायचं की ती टॅक्स सेव्हिंगवाली नको, ती पाच वर्षं मोडताच येत नाही आणि ॲपवर दोन्ही शेजारीशेजारी दिसतात.

जूनमध्ये वेळ आली. कंपनीच्या ऑर्डरी अडकल्या आणि कॉन्ट्रॅक्टरनं पगार ४७ दिवस लांबवला. पहिला महिना बचत खात्यावर काढला, मग रात्री साडेदहाला ॲपवरनं एक एफडी मोडली, मिनिटभरात पैसे खात्यात. पाच महिने झाले होते, त्या मुदतीचा दर साडेपाच टक्के, त्यातनं एक टक्का दंड, म्हणून साडेचार टक्क्यांनी ३७५ रुपये व्याज मिळालं. दंड गेला तो व्याजातनं, मुद्दल पूर्ण आलं. गाडीचा हप्ता एकदाही बाऊन्स झाला नाही. माझ्या शेजारी काम करणाऱ्या मुलानं त्याच दिवसांत क्रेडिट कार्डवरनं रोख काढली, त्यावर त्याच दिवसापासून व्याज लागतं, वर काढायचा चार्ज वेगळा, तो अजून फेडतोय. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, त्याला पण कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

मोडलेली एफडी परत करायला आणि राहिलेलं भरायला मला ऑक्टोबर उजाडला. मग मामांना फोन केला, म्हटलं आता लावू का एसआयपी. म्हणाले, "लाव, पण ३ हजारानं सुरू कर आणि तारीख १२ ठेव, तुझा पगार १० पर्यंत लांबतो."

मागच्या १२ तारखेला पहिला हप्ता कटला.