आबा हसले, पोरगं हसलं: निवेदनातला आदर लावताना

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या दुकानाच्या कथेवर या महिन्यात पुन्हा बसलो. कथानकाला हात लावला नाही. निवेदक कोणाला 'तो' म्हणतो आणि कोणाला 'ते', एवढंच लावून घेतलं. प्रसंग छोटा आहे. भवानी मंडपाजवळचं दुकान, गल्ल्यावर सत्तरीतले आबा, कापशी चप्पल घ्यायला आलेला कॉलेजचा मुलगा, आणि लहानग्या नातवाला घेऊन आलेली आजी.

कॉलेजचा मुलगा लगेच सुटला. आबा त्याला म्हणतात, "या पाव्हणं, बसा की." गिऱ्हाईक कितीही लहान असलं तरी आबा 'तुम्ही'च म्हणणार, तो धंद्याचा रिवाज. पण आबांचा 'तुम्ही' निवेदकावर बंधनकारक नाही. संवादात 'बसा', आणि खालच्याच ओळीत 'तो स्टुलावर बसला'. हे वाचताना कुठंच खटकत नाही. उलट 'ते बसले' लिहिलं की मुलगा एकदम पन्नाशीचा वाटतो.

खरं काम आबा आणि नातू यांच्यात निघालं. आबांना आदरार्थी बहुवचन, म्हणून 'ते'. नातवाला कथेत 'पोरगं' म्हटलंय, ते नपुंसकलिंगी, म्हणून तेही 'ते'. आता हे वाक्य बघा: 'ते हसत हसत पुढं सरकलं.' पुढं कोण सरकलं, हे कळायला वाचकाला 'सरकलं'पर्यंत थांबावं लागतं. शेवटी 'सरकले' असतं तर आबा. लहान वाक्यात हे चालतं. मध्ये आठ-दहा शब्द आले की वाचक चुकीच्या माणसाला धरून चालतो आणि शेवटी मागं येतो. म्हणून दोघं एकाच परिच्छेदात आले की 'ते' फक्त आबांसाठी राखून ठेवलं आणि नातवाला दरवेळी 'पोरगं' किंवा 'बारकं' असं नावानिशी आणलं. 'लेकरू' घेतलं तरी अडचण तीच, कारण तेही नपुंसकलिंगी. 'नातू' घेतला तर 'तो' मिळतो, पण आबांच्या नजरेला तो नातू नाही, दुसऱ्याचं पोर आहे.

दुसरी जागा भूतकाळातली. 'आबांनी पेटी उघडली. आबांनी जोड काढला. आबांनी जोड पुढं ठेवला.' यात क्रियापद पेटीच्या आणि जोडाच्या मागं जातं, आबांच्या नाही. 'उघडली', 'काढला' यांत आदर कुठंच नाही. तो सगळा 'आबांनी'तल्या अनुस्वारावर आणि 'नी'वर उभा आहे. 'आबानं' झालं की संपला. अशी वाक्यं ओळीनं आली की आबांचं वजन वाचकाच्या मनातून उतरत जातं. म्हणून मध्ये एक अकर्मक क्रियापद घातलं: 'आबांनी पेटी उघडली. खाली वाकले, तळातला जोड काढला आणि पोराच्या पायाशी ठेवला.' एका 'वाकले'नं बाकीची वाक्यं सांभाळली जातात. तपासताना मी आता आबांच्या प्रत्येक वाक्यातला 'ने', 'नं' आणि 'नी' आधी बघतो, मग 'त्याचा' आणि 'त्यांचा'. आदर सुटलेला असेल तर बहुतेक तिथंच सापडतो.

आजीचं मात्र नजरेवर ठरलं. आपल्याकडं बऱ्याच घरांत आजोबांना 'तुम्ही' आणि आजीला 'तू' असतं, त्यामुळं नातवाच्या जवळून सांगताना 'आजी आली' हेच प्रेमाचं. पण हा प्रसंग आबांच्या बाजूनं चालतो. त्यांच्या दुकानात आलेली अनोळखी वयस्क बाई 'आल्या', 'टेकल्या', 'दमलेल्या दिसत होत्या'. विशेषणासकट सगळं बदलावं लागतं, नुसतं 'आल्या' करून 'दमलेली' तसंच ठेवलं तर वाक्य लंगडतं. संवादात आजी कोल्हापुरी बाईसारखंच म्हणते, "मी बसतो हितंच." पुढं निवेदन 'आजी बसल्या'. दोन्ही शेजारी छान नांदतात.

बोलीत निवेदन करून पाहायचा मोह होताच. पण आपल्या बोलीत 'आबा हसले'चं 'आबा हसलं' होतं, म्हणजे आबा आणि पोरगं यांना वेगळं दाखवणारी शेवटची खूणही जाते. म्हणून बोली संवादात ठेवली: "जेवलासा का?", "पाव्हणं आल्यात". निवेदन प्रमाण भाषेत.

पुढचा भाग नातू मोठा झाल्यावर स्वतः सांगतो. तिथं पोरगं 'मी' होतं, 'ते' एकट्या आबांकडं राहतं, आणि 'आबा हसलं' बिनधोक लिहिता येतं. तो भाग बोलीत लिहायला घेतलाय. आजी तिथं परत 'आली' होणार.