लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं भाषण

नववीत असताना इतिहासाच्या बाईंनी मला ८ मिनिटांचं भाषण करायला दिलं होतं. विषय होता नाशिकची पांडवलेणी. पंधरा दिवस मी टिपणं काढली आणि आदल्या रात्री आजीला वाचून दाखवायला बसले, तर हातातले कागद थरथरत होते. चौथ्या पानावर आजीनं थांबवलं. "अगं, आत्ता टाक्यांतल्या पाण्याचं सांगत होतीस. मधेच हा नहपान कुठून आला?"

मला सांगता येईना. पुस्तकात जे जसं सापडलं, ते तसंच उतरवलं होतं. घड्याळ लावलं तर एका पानाला २ मिनिटं लागत होती, आणि पानं होती ११. रडू आलं.

आजीनं जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. कोऱ्या बाजूला एकेक मुद्दा लिहून मी सगळ्या पत्रिका जमिनीवर मांडल्या. मग तिनं विचारलं, "यातलं तुला सगळ्यात नवल कशाचं वाटलं?"

जोगलटेंभीच्या नाण्यांचं! १९०६ मध्ये नाशिकजवळच्या या गावात चांदीची १३ हजारांहून जास्त नाणी सापडली. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या सुमारे ९ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला. असं का केलं असेल? हा प्रश्न मी पहिल्या पत्रिकेवर लिहिला आणि बाकीच्या प्रत्येक पत्रिकेला विचारत गेले, तू याच्या उत्तराला लागतेस का?

लेण्यांची संख्या गेली, टाकी गेली. नहपानाचा जावई उषवदात यानं विणकरांच्या संघाकडे व्याजानं ठेवलेली कार्षापण नाणी मला फार आवडायची. ती पत्रिका दोनदा परत ठेवली, शेवटी काढलीच. उरल्या चार. आधी नाणी. मग, नहपान कोण? १० क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख आहेत. त्या क्षहरात घराण्याचं पुढे काय झालं? ३ क्रमांकाच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाचं वर्णन करते: क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. आणि चौथीवर पुन्हा नाणं.

आधीच्या पत्रिकेला जोडणारा प्रश्न मी पुढच्या पत्रिकेवर लाल शाईनं लिहिला, कारण मी अडखळत होते ती नेमकी तिथंच. पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहिलं, बाकी नुसते शब्द. पहिल्यांदा १० मिनिटं लागली. नाण्यांच्या वर्णनातली चार वाक्यं काढल्यावर पावणेआठ. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

सकाळी वर्गात पहिल्या वाक्याला आवाज कापला. दुसऱ्या पत्रिकेवरचा लाल प्रश्न मी विचारला आणि मुली मान वर करून बघायला लागल्या. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मग त्या नाण्यांवरचा जुना राजा पूर्ण पुसला गेला का गं?"

"नाही," मी म्हणाले, "काही नाण्यांवर नव्या ठशाखाली त्याचा चेहरा अजून दिसतो."