ताई, यावर काय जाईल?

बास, एकीचा एवढाच मेसेज आणि खाली एका कापडाचा फोटो. कशासाठी हवंय, कोण घालणार, काही नाही. मी रंगांचं काम बरीच वर्षं करतेय त्यामुळे असल्या मेसेजची सवय आहे, पण त्या रात्री झोपायच्या आधी घाईत बघितलं आणि लिहून टाकलं, कापड तपकिरी आहे, क्रीम घे नाहीतर बॉटल ग्रीन.

सकाळी तोच फोटो उघडला तर कापड वेगळंच! रात्री माझ्या मोबाईलचा नाइट मोड चालू होता म्हणजे स्क्रीनच पिवळी, आणि तिकडे तिनेही पिवळ्या बल्बखाली फोटो काढलेला. पिवळ्या उजेडात निळा मरतो आणि तांबूस रंग वर येतो. मग मी झूम करून कापलेल्या कडा बघितल्या, कारण तिथे सुटलेले धागे खरं सांगतात. एका कडेला निळे धागे लोंबत होते आणि शेजारच्या कडेला विटकरी. म्हणजे उभा धागा निळा, आडवा विटकरी, धूपछाँव कापड. लांबून दोन्ही मिसळून तपकिरी दिसतं, आणि मी त्या मिसळलेल्या रंगावर मॅचिंग सांगून मोकळी झाले होते.

तिला लगेच लिहिलं, कालचं विसर, दिवसा खिडकीजवळ फोटो काढ, ऊन थेट नको, आणि शेजारी साधा पांढरा कागद ठेव. कागद यासाठी की फ्रेमभर एकच कापड असलं की कॅमेरा आपल्या मनाने रंग सावरायला जातो आणि आपल्याला कळतही नाही, कागद पिवळट किंवा निळसर आला तर किती घोळ झालाय ते दिसतं. आणि शिवणार काय ते सांग.

जॅकेट शिवायचं होतं, आतला टॉप हवा होता.

अशा कापडाला मी शक्यतो त्यातल्याच एका धाग्याचा रंग देते, पण चमक नसलेला. नेव्ही ब्लू दिला की कापडातला निळा जागा होतो आणि हलताना विटकरी मधूनच चमकतो. विटकरी टॉप दिला तर उलटं, सगळी नजर टॉपवर जाते आणि जॅकेट मळकट वाटतं, निदान माझं तरी असं मत. शुभ्र पांढराही नको, त्याच्या शेजारी हे कापड धुवायला टाकल्यासारखं दिसतं. फिकट निळसर राखाडी चालेल.

तरी म्हटलं घरातले तीनचार रंगांचे तुकडे कापडाला चिकटवून ठेव, पाचसहा पावलं मागे जा, डोळे बारीक करून बघ, एकदा दिवसा एकदा रात्री.

तिने बघितलं आणि विटकरीच घेतला 😄 म्हणाली, मी ते रात्रीच घालणार आहे ना. हे मी विचारलंच नव्हतं.