टोपणातला काळा ठिपका

पाळणाघराच्या स्वयंपाकघराची जबाबदारी माझ्याकडे आहे. एकाच खोलीत तीस मुलांचं जेवण शिजतं, आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात बाटलीनं दूध पिणाऱ्या अकरा बाळांचा पसारा असतो: बाटल्या, निपल, पावडरचे डबे, वरच्या खाण्याचं पीठ. फोडणी, भांडी, ये-जा सगळं त्याच खोलीत. त्या दिवशी सकाळी साडेआठला पहिल्या बाळाची बाटली भरायला घेतली. रिंग फिरवताना आट्यांमध्ये काहीतरी काळं दिसलं. मिरीची भरड असावी एवढा कण. आधी वाटलं, ओट्यावरचा मसाला उडाला असेल. ओल्या कापसावर तो कण घासला, तर तपकिरी ओघळ उमटला. मसाला असा विरघळत नाही. ती झुरळाची लेंडी होती.

बाटली आदल्या संध्याकाळी धुतलेली, उकळलेली. मावशींनी स्वतः उकळली होती, आणि त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात कधीच शंका नसते. म्हणजे घाण उकळण्याच्या आधीची नव्हती, नंतरची होती.

उरलेल्या दहा बाटल्या उघडून उजेडात धरल्या. आणखी दोन रिंगांमध्ये तसेच कण होते. एका निपलची कड दाताखाली आल्यासारखी खरबरीत झाली होती. ते निपल मी लगेच टाकून दिलं. ते झुरळानं कुरतडलं होतं की नुसतं वापरून झिजलं होतं, हा प्रश्नच नव्हता. चीर पडलेल्या रबरात दूध साचतं आणि ते उकळूनही नीट निघत नाही. बाकी सगळं ब्रशनं घासून पुन्हा उकळायला टाकलं. पहिल्या बाळाला वीस मिनिटं उशीर झाला, आणि त्याचं रडणं ऐकत हात चालवणं मला फार जड गेलं.

मावशी म्हणाल्या, "ताई, दूध तर आपण गरम पाण्यातच कालवतो ना?" प्रश्न बरोबर होता. पावडर डब्यातून येते तेव्हा जंतुमुक्त नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच आम्ही पावडर त्यात घालतो. मग प्यायच्या तापमानाला थंड करतो. पण त्या उष्णतेचा फायदा पावडरला होतो. रिंगचे आटे आणि निपलचा बाहेरचा भाग, जो बाळाच्या तोंडात जातो, त्यांना ते पाणी लागतच नाही. रात्री तिथून झुरळ फिरून गेलं असेल, तर ते ज्या गटारातून, ज्या कचऱ्यातून आलं तिथलं सगळं सकाळी बाळाच्या ओठांवर.

हे चाललं असतानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. पिठाची बरणी उघडली तर झाकणाच्या आतल्या बाजूला आठ-दहा बारीक मुंग्या. ही बरणी पाण्यानं भरलेल्या थाळीत उभी असायची, त्यामुळे तिची काळजी मी कधी केलीच नव्हती. मावशींनी चाळणी हातात घेतली. पीठ शिजवायचंच आहे, मुंग्या चाळून काढल्या की झालं, असं त्यांचं म्हणणं. मोठ्यांच्या खाण्याला तो विचार कुणी केला तर मी वाद घालणार नाही. पण चाळणीत मुंगी अडकते, तिच्या पायांना चिकटून आलेलं अडकत नाही. आणि जे पीठ सात महिन्यांच्या बाळाला द्यायचं, त्यात मला शंकेला जागा नको होती. बरणी रिकामी केली.

आता मुंग्या थाळीतून पोहोचल्या कशा? ओटा पुसायचा मोह आवरला. रांग पुसली की मुंग्यांच्या वासाची वाट पुसली जाते, आणि त्या येतात कुठून हे कळायचा एकमेव मार्ग जातो. मी रांगेच्या मागे मागे नजर नेली. स्विचबोर्डच्या कडेच्या फटीतून त्या बाहेर येत होत्या, किटलीच्या वायरवरून चालत होत्या, आणि वायरीचा एक वळसा बरणीच्या पोटाला टेकलेला होता. खाली थाळीभर पाणी आणि वरून पूल. पाण्याची थाळी तेव्हाच उपयोगाची, जेव्हा बरणी भिंत, वायर, कापड, शेजारचा डबा यांपैकी कशालाही शिवत नाही. पाण्यावर पीठ किंवा धूळ सांडून साय धरली, तरी बारीक मुंग्या तिच्यावरून चालून जातात. म्हणून पाणी रोज बदलायचं आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि मुंगी वर तरंगत नाही.

पण पुलावरून आल्या तरी त्या बंद झाकणाच्या आत कशा गेल्या? हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. बरणी रिकामी होतीच. तिच्यात पाणी भरलं, झाकण पूर्ण आवळलं आणि सिंकवर उलटी धरली. थेंब थेंब गळू लागलं. फिरकीच्या झाकणाचे आटे म्हणजे मुंगीसाठी गोल चढत जाणारी वाट असते. तिला अडवते ती फक्त आतली रबरी चकती, आणि आमच्या झाकणातली चकती एका जागी चिरली होती. तीच परीक्षा मग बाकीच्या रिकाम्या बरण्यांची घेतली. पाचांपैकी दोनच कोरड्या राहिल्या. पावडरच्या डब्याचं प्लॅस्टिकचं दाबून बसणारं झाकण तर मी या कामासाठी झाकण समजतच नाही. उघडलेला डबा आता झाकणासकट रबरी चकतीच्या मोठ्या डब्यात जातो, मोजायचा चमचा कोरडा करून, आणि बाहेर उघडल्याची तारीख लिहून. महिन्याच्या आत संपला नाही तर उरलेली पावडर आम्ही वापरत नाही. फ्रिजमध्येही ठेवत नाही, आत ओल धरते.

मुंग्यांचं कोडं असं दुपारपर्यंत सुटलं. स्विचबोर्डची फट बुजवली, मग रांग साबणाच्या पाण्यानं पुसली. मुंग्यांचा खडू आणते असं मावशी म्हणाल्या, तो मी आणू दिला नाही. खडूत कीटकनाशक असतं, त्याची पूड बोटाला लागते, आणि तीच बोटं निपल बसवतात.

झुरळांचं मात्र काही कळेना. बाटल्यांचा कोपरा मी उजेडात इंच इंच पाहिला. फळी स्वच्छ, भिंत स्वच्छ. झुरळ दिवसा दिसत नाही, म्हणून त्या रात्री मी थांबले. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधला, कारण लाल उजेड झुरळांना फारसा जाणवत नाही आणि ती पळत नाहीत. दिवे बंद करून अकरा वाजता आत गेले.

बाटल्या वाळत घालायचा स्टीलचा स्टँड फळीवर होता, त्याखाली पाणी निथळायची ताटली. ताटलीच्या काठावर नऊ झुरळं होती. फिकट तपकिरी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, मानेमागे दोन काळ्या उभ्या रेघा. ही जर्मन झुरळं, स्वयंपाकघरातच संसार थाटणारी. ती पाणी पीत होती. एक मादी मागे अंड्यांची पिशवी ओढत स्टँडच्या पायाशी गेली आणि दिसेनाशी झाली. मी वाकून पाहिलं. स्टँडचे पाय पोकळ नळीचे होते आणि चारांपैकी दोन पायांची रबरी बुचं कधीतरी पडून गेली होती.

माझ्या अंगावर काटा आला. ज्या जागी आम्ही उकळलेल्या बाटल्या ठेवत होतो, त्याच जागेच्या पोटात ती राहत होती. रोज संध्याकाळी आम्हीच त्यांना ताटलीभर पाणी, कुठे कुठे दुधाचा अंश मिसळलेलं, देत होतो. नळ्यांमधून बाहेर पडलं की पहिली वाट वाळत घातलेल्या रिंगांवरूनच होती.

स्टँड मोठ्या पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधलं आणि बाहेर नेऊन पांढऱ्या कागदावर आपटला. तिळाएवढी पिल्लं पडत राहिली. उकळतं पाणी ओतून तो पुन्हा वापरता आला असता, पण नळीच्या आत हात पोचत नाही, म्हणून टाकला. आता भरीव तारेची सपाट जाळी आहे. त्याहून मोठा बदल वेळेत केला. उकळून काढलेली बाटली स्वच्छ हातांनी लगेच पूर्ण जोडायची: निपल आत, रिंग आवळलेली, वरचं टोपण बसवलेलं. आत थोडी वाफ राहिली तरी चालते. सुटे भाग उघड्यावर रात्र काढत नाहीत. सकाळी टोपण ढिलं दिसलं, तर ती बाटली पुन्हा उकळायची. निघताना ताटली, सिंक आणि ओटा कोरडा पुसायचा, आणि ओला ब्रश बंद कपाटात न ठेवता उघड्यावर टांगायचा. अन्नावाचून ही झुरळं बरेच दिवस काढतात, पाण्यावाचून त्यांचे लवकर हाल होतात.

पेस्ट कंट्रोलच्या माणसाला बोलावलं तेव्हा तो फवारणीचा पंप घेऊन आला. मी नको म्हटलं. तोही समजूतदार, म्हणाला, "बाळांच्या वस्तू इथे आहेत तर जेलच बरं." फवारलं की झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, उलट विखुरतात. त्यानं मसुरीएवढे थेंब फ्रिजच्या मोटरमागे, कपाटाच्या बिजागरीत, सिंकखालच्या नळाशेजारी लावले. बाटल्यांच्या फळीवर एकही नाही. मी प्रत्येक थेंबाची जागा कागदावर लिहून घेतली, म्हणजे पुसणारीच्या फडक्याला जेल लागणार नाही.

सोबत पाच चिकट सापळे ठेवले, नंबर घालून. हे झुरळं संपवायला नव्हते, मोजायला होते. पहिल्या आठवड्यात फळीशेजारच्या सापळ्यात एकोणीस, फ्रिजमागे अकरा. दुसऱ्या आठवड्यात फळीशेजारी दोन. मला वाटलं, सुटलो. मग चौथ्या आठवड्यात फ्रिजमागच्या सापळ्यात एकदम चौदा पिल्लं, सगळी एका वयाची. एका अंडपिशवीत तीस-चाळीस अंडी असतात आणि जेलचा त्या पिशवीवर काही परिणाम होत नाही. कुठेतरी एक फुटली होती. सापळे नसते तर त्यांची चाहूल आम्हाला पुन्हा एखाद्या टोपणातच लागली असती. त्या दिवशी फ्रिज ओढून मागची जाळी ब्रशनं झाडली आणि जेल पुन्हा लावलं.

आता अकरा आठवडे झाले. फळीशेजारचा सापळा सात आठवडे रिकामा आहे. फ्रिजमागच्या सापळ्यात काल एक सापडलं, मोठं, एकटं. त्या सापळ्यावर तारीख लिहून मी तो नव्यानं ठेवला आहे, आणि रोज सकाळी पहिली बाटली भरण्याआधी मावशी रिंग फिरवून आटे उजेडात धरतात.