मांडवीने मडगावला जाताना: स्टीम डेक, पॉवर बँक आणि दोन केबली

मुंबईहून मांडवी एक्सप्रेसने मडगावला निघालो तेव्हा सोबत माझा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा गेमिंग संगणक (जुना, एलसीडीवाला), भाच्याचा जुने गेम खेळायचा स्वस्तातला रेट्रो हँडहेल्ड आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक होती. बँकेवर ठळक छापलं होतं, २२.५ वॉट. एवढं पुरेल असं वाटलं होतं.

पनवेल गेल्यावर डेक बँकेला जोडला, तर स्क्रीनवर चार्जिंग मंद असल्याची सूचना आली. मी फोनची केबल लावली होती, एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी-ए. त्या पोर्टमधला २२.५ वॉटचा वेग काही फोन कंपन्यांच्या खास पद्धतीचा असतो. डेकला ती भाषा कळत नाही, तो फक्त यूएसबी पीडी ही जलद चार्जिंगची सर्वसामान्य पद्धत ओळखतो. मग साध्या ५ व्होल्टवर थोडीशीच वीज मिळते.

दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली सी-टू-सी केबल लावल्यावर सूचना आली तरी वेग वाढला. बँकेच्या मागे बारीक अक्षरांत सी पोर्टचे आकडे होते: ९ व्होल्ट, २.२२ अँपिअर. म्हणजे २० वॉट. डेकच्या मूळ चार्जरचे १५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट. जड गेम डेकची ४० वॉट-तासांची बॅटरी साधारण दोन तासांत संपवतो, म्हणजे खेळताना २० वॉट तर तिथेच जातात. केबल लावूनही टक्के हळूहळू उतरत होते ते त्यामुळे. तीन ठिपक्यांच्या बटणातून फ्रेम रेट ३० केला, ब्राइटनेस कमी केला, तेव्हा कुठे आकडा वर सरकू लागला. जेवताना डेक स्लीपवर ठेवला, तो वेळ सगळ्यात कामी आला.

भाच्याच्या हँडहेल्डचं वेगळंच. सी-टू-सी केबलवर दिवासुद्धा लागेना. तो बिचारा रडकुंडीला आला, मशीन बिघडलं म्हणून. बिघडलं नव्हतं. सी पोर्ट समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचा छोटा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही, आणि स्वस्त यंत्रांत तो कधीकधी बसवलेलाच नसतो. यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. डेकला नको झालेली ती फोनची केबल लावली आणि दिवा लागला! पण दोन्ही पोर्ट एकदम वापरताच डेकचा वेग पुन्हा पडला. अनेक बँका दोन पोर्ट चालू असताना पीडी बंद करून सगळ्यांना ५ व्होल्टच देतात. म्हणून आधी डेक, मग भाचा, अशी पाळी लावली.

परतीला मित्राची बँक आणली, सी पोर्टवर '१५ व्होल्ट, ३ अँपिअर' छापलेली. जड गेम चालू असतानाही टक्के चढत राहिले. तुम्ही विकत घेणार असाल तर खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, ही ओळ शोधा. क्षमतेचा हिशेब असा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास. व्होल्टेज बदलण्यात काही वीज उष्णता होऊन जाते, त्यामुळे डेक एकदा पूर्ण भरेल आणि वर अर्ध्याच्या आत-बाहेर. दोन वेळा धरून निघू नका.