आमची वाटचाल: माल आणि पगाराचा एकत्र हिशेब

नाशिकमध्ये गंगापूर रोडला आम्ही नवरा-बायकोने मिसळीचं हॉटेल सुरू केलं, तेव्हा सकाळी मिसळ, पाव, चहा आणि दुपारी कुलूप एवढाच पसारा होता. पुढे दुपारची थाळी आली. मग गिऱ्हाईकच विचारू लागलं म्हणून संध्याकाळही उघडी ठेवली. गल्ला दर टप्प्याला वाढला, पण हातात उरणारे पैसे त्या मानाने वाढेनात. त्याचं कारण प्राइम कॉस्टने दाखवलं, म्हणून आमच्या वाटचालीत मी सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहिणार आहे.

प्राइम कॉस्ट म्हणजे खपलेला माल आणि माणसांवरचा सगळा खर्च यांची बेरीज. तिला विक्रीने भागून शंभराने गुणलं की टक्केवारी मिळते. भाडं, गॅस, वीज यात येत नाहीत. विक्री धरायची ती जीएसटी वगळून, कारण बिलावरचे पाच टक्के सरकारचे. पाच टक्क्यांच्या दरात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तेल-मसाल्यावर भरलेला कर मालाच्याच किमतीत धरायचा.

एका महिन्याचा आमचा हिशेब सांगते. विक्री ६,००,००० रुपये. महिन्याच्या सुरुवातीला कोठीत ४५,००० चा माल होता, खरेदी २,३५,००० ची झाली आणि शेवटी ४०,००० चा माल उरला. म्हणजे खपला २,४०,००० चा. त्यातलं साधारण १२,००० चं जेवण आमच्याच माणसांनी जेवलेलं, म्हणून ते मालातून काढून माणसांच्या खर्चात घातलं. माल राहिला २,२८,०००, म्हणजे ३८ टक्के. पगार, दिवाळी बोनसचा महिन्याचा वाटा आणि कामावरच्या मुलांच्या खोलीचं भाडं मिळून १,३२,०००, त्यात जेवणाचे १२,००० आणि आम्हा दोघांचे मिळून ३०,०००. एकूण १,७४,०००, म्हणजे २९ टक्के. मालकाने स्वतःचा पगार धरायचाच, भले तो उचलो न उचलो. नाहीतर घरची माणसं राबतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

दोन्ही मिळून ६७ टक्के. या धंद्यात साधारण ५५ ते ६५ चा पट्टा ठीक मानतात, पण आपलं लक्ष्य आपल्या बाकीच्या खर्चावरून ठरवावं. आमचं भाडं, गॅस, वीज, ऑनलाइन ऑर्डरचं कमिशन, पॅकिंग, दुरुस्ती हे सगळं विक्रीच्या ३२ टक्के होतं. ६७ वर आमच्याकडे एक टक्का उरत होता, ६० वर आठ उरले असते. म्हणून लक्ष्य ६० ठेवलं.

सात टक्के जास्त, म्हणजे ४२,००० रुपये. आधी माल घेतला. प्रत्येक पदार्थाची कृती वजनाने लिहून चालू बाजारभावाने एका प्लेटचा खर्च काढला आणि बिलिंगमधून मिळालेल्या प्लेटांच्या संख्येने गुणला. चालू भाव इथे महत्त्वाचा. लासलगावला कांदा चढला की मालाचा टक्का वाढतो, तेव्हा स्वयंपाकघराला दोष देऊन उपयोग नाही. कृतीप्रमाणे माल लागायला हवा होता १,९८,००० चा, आणि लागला २,२८,००० चा. भावाचा प्रश्न बाजूला झाला. हे ३०,००० हातातून जात होते.

मिसळीच्या कृतीत फरसाण ६० ग्रॅम आहे. सकाळच्या गर्दीत सहज काही प्लेटा काट्यावर ठेवल्या, तर ८५ ग्रॅमच्या आसपास भरत होत्या. महिन्याला ३,००० प्लेटा जातात. पंचवीस ग्रॅम जादा म्हणजे ७५ किलो, १८० रुपये किलोने १३,५०० रुपये. ठरावीक मापाची वाटी आणली आणि ती गळती थांबली. जादा रस्सा मात्र आम्ही मोजत नाही आणि मोजणारही नाही. नाशिकचा माणूस मिसळीला बसला की रस्सा मागणारच, आणि तो खर्च मी कृतीतच धरला आहे. थाळीची भाजी आम्ही रोज साठ ताटांची करायचो, आठवड्यातल्या साध्या दिवशी पंचेचाळीस जायची. आता चाळीसची करून उरलेली फोडणी गिऱ्हाईक बघून देतो. तिथे साडेसात हजार वाचले. राहिलेली नऊ हजारांची तफावत अजून पूर्ण सापडलेली नाही. ती अगदी शून्यावर येईल अशी माझी अपेक्षाही नाही.

माणसांच्या खर्चात घाई केली की नुकसान होतं. तासवार विक्री काढली तर रोजच्या २०,००० पैकी संध्याकाळी जेमतेम २,४०० येत होते आणि तेव्हा चार माणसं पाच तास उभी असायची. सोमवार ते गुरुवार संध्याकाळ बंद करावी, असं आमच्या हिशेबनीसांनी सुचवलं. मी कागदावर मांडून पाहिलं. त्या चार वारी संध्याकाळची विक्री आणखी कमी, महिन्याला २९,००० च्या आसपास. त्यातून माल, गॅस, पॅकिंग वजा जाता साधारण साडेचौदा हजार सुटत होते. बंद ठेवून वाचला असता फक्त एक पगार, आणि वीकेंडला पर्यटक येतात तेव्हा बदली माणसाला पैसे दिल्यावर निव्वळ बचत साडेदहा हजार. आपल्याकडे पगार महिन्याचा असतो. तास कमी केले म्हणून पैसे कमी होत नाहीत, माणूस कमी झाला तरच होतात.

म्हणून संध्याकाळ चालू ठेवली आणि पहाटेचं काम तिकडे नेलं. खोबरं-कांदा भाजून वाटण करणं आणि फ्रिजमध्ये ठेवणं, भिजलेली मटकी फडक्यात बांधणं, लसूण सोलणं हे सगळं आता रिकाम्या तासांत होतं. वर घ्यायचा कांदा मात्र सकाळीच चिरायचा, रात्रीचा वास मारतो. पहाटे दोघांऐवजी एक मदतनीस पुरू लागला. दुसरा गावी परतला, त्याच्या जागी आम्ही कोणाला घेतलं नाही. पगार आणि जेवण धरून १४,००० वाचले.

आता माल २,०७,००० आणि माणसं १,६०,०००, म्हणजे त्याच विक्रीवर ६१ टक्क्यांच्या थोडं वर. मग मिसळ ९० ची ९५ केली. प्लेटा कमी झाल्या नाहीत, विक्री ६,१५,००० झाली आणि प्राइम कॉस्ट साठच्या किंचित खाली आली. भाव आधी वाढवला असता तर जादा फरसाण त्याखाली झाकलं गेलं असतं, म्हणून तो शेवटी. कोठीची मोजणी आता दर रविवारी रात्री होते, कारण महिनाअखेर कळेपर्यंत महिना संपलेला असतो.

आता घरीच फरसाण करा, असं बरेच जण सांगतात. कच्चा माल ११५ रुपये किलो पडेल, म्हणजे किलोमागे ६५ वाचतील. आम्हाला महिन्याला १८० किलो लागतं, म्हणून मालात ११,७०० कमी होतील. पण कारागीर पगार आणि जेवण धरून १९,००० ला पडेल. मालाचा टक्का बघून खूश व्हावं आणि बेरीज सात हजारांनी वाढावी, असा हा व्यवहार आहे, तोही गॅस न धरता. बरोबरीला यायला २९२ किलो, म्हणजे महिन्याला सुमारे ४,९०० प्लेटा लागतात. तोवर फरसाण विकतच आणणार.