रिकार्डोचा तक्ता मी उलटा वाचला होता

एम.ए.चा अभ्यास करताना अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेले इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यातल्या व्यापाराचे उदाहरण मी कोणाची मदत न घेता सोडवायला बसलो. त्यातले आकडे चारच आहेत. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसांचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्यासाठी १२०. पोर्तुगालला त्याच कापडासाठी ९० आणि त्याच मद्यासाठी ८०.

सरावातल्या तक्त्यांत बहुधा एका श्रमिकाचे उत्पादन दिलेले असे, म्हणून सवयीने मी मद्याच्या आकड्याला कापडाच्या आकड्याने भागले. एका कापडाचा संधी खर्च, म्हणजे ते करण्यासाठी सोडावे लागणारे मद्य, इंग्लंडमध्ये १.२ आणि पोर्तुगालमध्ये सुमारे ०.८९ आला, म्हणजे कापड पोर्तुगालने करावे आणि मद्य इंग्लंडने, असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला. एका कापडाला एक मद्य, अशा एकास एक दराने पडताळा घेतला तेव्हा मात्र हिशेब बसेना. १२० श्रमांचे मद्य देऊन इंग्लंड जे कापड घेत होते, ते त्याला घरीच १०० श्रमांत मिळत होते. पोर्तुगालही ९० श्रमांचे कापड देऊन घरी ८० श्रमांत होणारे मद्य घेत होते. दोघांनाही तोटा झाला, तर तक्ता उलटा वाचला गेला आहे, हे मला तिथे कळले.

हे आकडे उत्पादनाचे नसून त्यासाठी लागणाऱ्या श्रमांचे आहेत. एका कापडाला लागणाऱ्या १०० श्रमांत इंग्लंडने किती मद्य केले असते, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर १०० भागिले १२०, म्हणजे सुमारे ०.८३ मद्य. पोर्तुगालसाठी ९० भागिले ८०, म्हणजे १.१२५. दोन्ही वस्तू पोर्तुगाल कमी श्रमांत करते, तरीही कापडासाठी करावा लागणारा मद्याचा त्याग इंग्लंडमध्ये कमी आहे. म्हणून इंग्लंडचा तुलनात्मक लाभ कापडात आहे आणि पोर्तुगालचा मद्यात.

व्यापारशर्ती, म्हणजे एका कापडाला किती मद्य हा अदलाबदलीचा दर, याच दोन संख्यांच्या मध्ये असाव्या लागतात. कापडाला १.२ मद्य मागितले, तर पोर्तुगालला त्यासाठी ९६ श्रम खर्चावे लागतील आणि ते ९० श्रमांत स्वतःच कापड विणेल. एकास एक दराने प्रत्येक एककामागे इंग्लंडचे २० श्रम वाचतात आणि पोर्तुगालचे १०. मग मी ०.९ मद्याचा दर घेऊन पाहिला: पोर्तुगालला कापड ७२ श्रमांत पडले, म्हणजे बचत १८, इंग्लंडला मद्य सुमारे १११ श्रमांत, म्हणजे बचत केवळ ९. दर मर्यादेतच राहिला, पण लाभाचे पारडे पोर्तुगालकडे झुकले. या मर्यादेत दर नेमका कुठे स्थिरावेल, हे श्रमांच्या तक्त्यातून निघतच नाही. त्यासाठी एकाची दुसऱ्याच्या वस्तूला असलेली मागणी माहीत असावी लागते, आणि तो भाग पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांनी उलगडला.